ओल्या कचऱ्यातलं पाणी

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘वर्गीकरण, खत आणि ई-कचरा’. तिन्हींवर बोलणार आहे, पण सुरुवात ताणकाट्यापासून करते, कारण आमच्या शाळेच्या प्रकल्पात आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या काट्याने.

आठवीच्या मुलांना आम्ही सात दिवस घरचा कचरा मोजायला लावला. सातच का? रविवारी मासळी असते, संकष्टीला उपास असतो. एका दिवसावरून घर कळत नाही. कचरा एकत्र होण्याआधीच मोजायचा, आणि रिकाम्या पिशवीचं वजन आधी लिहायचं, हे दोन नियम. ओला वेगळा, सुका वेगळा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. ती पुडी मुलांनी उघडायची नाही, बंदच काट्याला लावायची.

आता एका मुलीच्या वहीची गोष्ट. घरात चार माणसं. ओला कचरा सोमवारी 900 ग्रॅम, मंगळवारी 850, बुधवारी एकदम 600, गुरुवारी पुन्हा 900. मला वाटलं, काटा वाचायला चुकली. ती म्हणाली, “नाही बाई, बुधवारी स्वयंपाक आजीने केला होता.” मी म्हटलं, मग आजी काय वेगळं करते ते बघून ये. आजी चहाचा चोथा गाळणीत तासभर निथळू देते आणि मग पिळते. भाजीची सालं धुतल्यावर चाळणीत ठेवते. उरलेली आमटी थालीपिठाच्या पिठात मळते. मुलीने नुसता चोथा मोजला: ताजा 140 ग्रॅम, पिळल्यावर 90. सालं तेवढीच होती, भाजी तेवढीच होती. टोपलीतून कमी झालं होतं ते मुख्यतः पाणी. आपण रोज घंटागाडीत पाणी भरून पाठवतो, आणि ते उचलणाऱ्या ताईंच्या हातावर, कपड्यांवर ते गळतं. याचा मला मनापासून राग येतो.

हेच पाणी आमच्या खताच्या पिंपात शिरलं. जुलै महिना. बाजूंना भोकं पाडलेलं दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप, त्यात शाळेच्या डब्यांतलं उरलेलं आणि घरून आणलेली सालं. आठव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास आला, तळाशी काळं पाणी, वर पांढऱ्या अळ्या. पालकांच्या तक्रारी आल्या, पिंप काढा म्हणाले. अळ्यांचं काही नाही, त्या कचराच खातात. वासाकडे मात्र लक्ष द्यायचं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे पोकळ्या पाण्याने भरल्या, हवा संपली, आणि हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागले. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर समजायचं की ओला कचरा फार झाला आणि सुका पाला कमी पडला.

आम्ही पिंप ताडपत्रीवर उपडं केलं. पावसाळ्यात वाळला पाला कुठून आणायचा? अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून मिसळले, एका पालकांकडचं तयार खत दोन घमेली घातलं, पिंपाखाली विटा ठेवल्या. प्लायवूडचा भुसा आम्ही नाकारला, त्यात डिंकाची रसायनं असतात. मग मुठीची परीक्षा: मूठभर मिश्रण घट्ट दाबायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पुठ्ठा आणखी, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढली, तर हाताला चटका बसला. खत पेटलं होतं! मुलं सळईला हात लावायला रांगेत उभी होती. आता आम्ही फेब्रुवारी-मार्चची पानगळ पोत्यांत भरून ठेवतो, आणि एक भांडं ओल्याला दोन भांडी पाला घालतो. ढीग चाळवला तरी पुन्हा तापत नाही आणि मातीचा वास येतो, तेव्हा खत तयार. आमचं अडीच महिन्यांनी झालं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून ई-कचरा झटकन सांगते. सात दिवसांच्या वह्यांत तो जवळजवळ शून्य ग्रॅम निघाला, कारण तो टोपलीत नसतोच, कपाटाच्या खणात असतो. म्हणून आठव्या दिवशी मुलांनी ‘खण-मोजणी’ केली: बंद मोबाइल, चार्जर, रिमोट, इअरफोन, जुने सेल. मोजायचं, उघडायचं नाही. फुगलेली बॅटरी टोचायचीही नाही आणि दाबायचीही नाही, पेट घेते. ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे एकमेकींना टेकून ठिणगी पडत नाही. सीएफएल दिवा फुटला तर त्यात पारा असतो: आधी खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबायचं, मग जाड कागदाने गोळा करायचं, केरसुणी नको. मोबाइलमधली माहिती पुसून सिमकार्ड काढून घ्यायचं. वस्तू द्यायची ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रालाच, आणि पावती मागायची. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळणाऱ्याकडे गेल्या, तर तो धूर परत आपल्याच वस्तीत येतो.

कोऱ्या वह्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ताणकाटा मात्र एकच आहे, तो आळीपाळीने न्या.