मॅन्युअलमधून ऑटोवर येताना व्हॉल्व्ह का उडतो?

आज एकाच क्षणाबद्दल बोलायचं आहे. ऑपरेटर लूप मॅन्युअलमधून ऑटोवर टाकतो, तो क्षण.

साखर कारखान्यातला ज्यूस हीटर घेऊ. रसाचं तापमान ७२ अंशांवर ठेवायचं आहे आणि कंट्रोलर वाफेचा व्हॉल्व्ह हलवतो. गेन २, म्हणजे एका अंशाच्या चुकीला व्हॉल्व्ह २ टक्के. इंटिग्रल टाइम ६० सेकंद, स्कॅन दर सेकंदाला. डेरिव्हेटिव्ह या लूपला लागत नाही, म्हणून तो शून्य धरू. गाळपात खंड पडला, ऑपरेटरने लूप मॅन्युअलवर घेतला आणि पुढे व्हॉल्व्ह ४२ टक्क्यांवर ठेवला. तापमान ७० वर थांबलं आहे, म्हणजे चूक २ अंश.

पीआयडीचं पाठ्यपुस्तकातलं रूप, ज्याला पोझिशन फॉर्म म्हणतात, दर स्कॅनला व्हॉल्व्हची पूर्ण जागा नव्याने काढतं:

```
u[k] = Kc*( e[k] + (dt/Ti)*sum(e) )
```

गडबड त्या बेरजेत आहे. लूप मॅन्युअलवर असताना ती चालूच राहिली, तर दर सेकंदाला तिच्यामुळे २ × २ ÷ ६० इतके टक्के वाढतात. दहा मिनिटांत ४० टक्के होतात. मॅन्युअलवर जाताना इंटिग्रलचा वाटा ३० होता असं धरा, तर आता तो ७० झाला. त्यात प्रपोर्शनलचे ४ मिळवले की ७४. व्हॉल्व्ह मात्र ४२ वर आहे. ऑटोचं बटण दाबताच तो एका झटक्यात ३२ टक्के जास्त उघडतो. इथे कंट्रोलरचं गणित चुकलेलं नाही. व्हॉल्व्ह खरोखर कुठे आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता व्हेलॉसिटी फॉर्म पाहा. लागोपाठच्या दोन स्कॅनची समीकरणं एकमेकांतून वजा केली की बेरीज निघून जाते आणि फक्त बदल उरतो:

```
du   = Kc*( (e[k]-e[k-1]) + (dt/Ti)*e[k] )
u[k] = u[k-1] + du
```

सगळी किमया `u[k-1]` मध्ये आहे. मॅन्युअलवर असताना या जागेत ऑपरेटरने दिलेला आकडा बसतो, म्हणजे आपले ४२. ऑटोवर येताच पहिला बदल ०.०७ टक्क्याच्या आसपास निघतो आणि व्हॉल्व्ह ४२.०७ वर जातो. चूक तशीच राहिली तर तो मिनिटाला ४ टक्क्यांच्या चालीने उघडत जातो. उलट दिशेलाही तेच: ऑटो सोडताना शेवटचा आकडा तिथेच असतो आणि ऑपरेटर तिथूनच पुढे हात चालवतो. व्हॉल्व्हची मर्यादाही याच आकड्याला लावा, म्हणजे तो १०० च्या पलीकडे साचत जाणार नाही.

पोझिशन फॉर्मलाही हे जमवता येतं. मॅन्युअलवर असताना इंटिग्रलचा वाटा सतत `u - Kc*e` इतका भरत राहायचं. पण ते आठवणीने लिहावं लागतं, आणि कुणी विसरलं तर चूक बटण दाबेपर्यंत दिसत नाही. म्हणून मला व्हेलॉसिटी फॉर्म जास्त भरवशाचा वाटतो.

तरीही त्यात एक सापळा आहे. मॅन्युअलवर असताना पूर्ण ब्लॉकच थांबवला, तर `e[k-1]` जुनाच राहतो. समजा, ऑटो सोडताना तापमान ७५ होतं, म्हणजे चूक उणे ३ होती. आता ती अधिक २ आहे. पहिल्याच स्कॅनला फरक ५ अंशांचा दिसतो आणि व्हॉल्व्ह १० टक्के उडतो. ट्रेंडवर हे ओळखू येतं: ऑटोवर येताक्षणी एकच पायरी, आणि तिची उंची गेन गुणिले चुकीतला फरक. उपाय सोपा आहे. मॅन्युअलमध्येही चूक दर स्कॅनला मोजत राहायची, फक्त `du` लावायचा नाही.

इंटिग्रल काढून निव्वळ प्रपोर्शनल ठेवायचा असेल, तर हे रूप वापरू नका. मग कोणत्या चुकीला व्हॉल्व्ह कुठे असावा याला काही पायाच उरत नाही. लूप जिथून ऑटोवर आला, त्यावर ते ठरतं.

शेवटचा मुद्दा पूर्णांकांचा. आउटपुट १२ बिटांत साठवला तर एक पायरी साधारण ०.०२४ टक्क्याची होते. चूक ०.३ अंश असेल तर दर सेकंदाचा बदल ०.०१ टक्का, म्हणजे अर्ध्या पायरीहूनही कमी. पूर्णांक करताना तो दर वेळी शून्य होतो आणि तापमान ७१.७ वर अडकून बसतं. इंटिग्रल असूनही चूक शून्य होत नाही, हीच त्याची खूण. स्कॅन जितका जलद, तितका हा त्रास जास्त, कारण प्रत्येक बदल आणखी लहान होतो. म्हणून `u` फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवायचा आणि पूर्णांक करायचा तो व्हॉल्व्हकडे पाठवतानाच. जुन्या पूर्णांकी कंट्रोलरवर तेही जमत नसेल, तर उरलेला तुकडा बाजूला जपून पुढच्या स्कॅनमध्ये मिळवायचा.