जोडधंदा: वहीतले तास आणि राजीनाम्याचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी सांभाळून धंदा करणारी माणसं पैशाचा हिशेब बऱ्यापैकी ठेवतात. तासांचा मात्र ठेवत नाहीत, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. माझी एक मैत्रीण कार्यालयात काम करते आणि घरी कापडी पिशव्या शिवून विकते. आज तिचीच वही तुमच्यासमोर उघडतो. तिची परवानगी आहे, काळजी नको.

सुरुवातीला तिचा हिशेब सरळ होता. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दोन-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा, म्हणजे आठवड्याला 12 आणि महिन्याला 48 तास. एक पिशवी शिवायला दोन तास लागतात, म्हणजे महिन्याला 24 पिशव्या. तेवढ्या ऑर्डरी तिने घेतल्या आणि दुसऱ्याच महिन्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू लागलं. मग कार्यालयात बेरजा चुकायला लागल्या.

मी तिला म्हटलं, "महिनाभर प्रत्येक तास लिहून काढ." निघालं असं की 48 तासांपैकी शिवणकामाला मिळाले फक्त 28. उरलेले 20 गेले कापड आणण्यात, फोटो काढण्यात, "हाच रंग दुसऱ्या आकारात मिळेल का" अशा निरोपांना उत्तरं देण्यात, पार्सल बांधण्यात आणि राहिलेले पैसे मागण्यात. म्हणजे तिची खरी ताकद 14 पिशव्यांची, आणि शब्द दिलेला 24 चा!

आता कमाई. तिचा महिन्याचा पगार आपण 100 धरू, कामाचे तास 180. कापड आणि पार्सलचा खर्च वजा जाता एका पिशवीमागे तिला 2 सुटत होते. दोन तासांत दोन, म्हणजे तासाला एक. पगारात तासाला जेमतेम 0.56 पडतात. ती म्हणाली, "बघ, जवळजवळ दुप्पट. सोडते नोकरी." पण 14 पिशव्यांचे 28 आले ते 48 तासांत. भागून बघा, तासाला 0.58. नोकरीइतकेच.

शिवाय पगार म्हणजे फक्त हातात पडणारी रक्कम नव्हे. भरपगारी रजा, विमा, निवृत्तीसाठी मालक भरतो तो वाटा, हे सगळं नोकरी सुटली की स्वतःच्या खिशातून. तिच्या बाबतीत ते 20 धरले. म्हणजे धंद्यातून महिन्याला 120 सुटले तरच ती आहे तिथेच राहणार होती.

राजीनाम्याऐवजी तिने दोन आठवड्यांची साठलेली रजा घेतली आणि पूर्णवेळ धंदाच केला. शिवून झाल्या 26 पिशव्या, ऑर्डरी आल्या 15. तेव्हा कळलं की आपल्याला वेळ कमी पडतोय हे खरं, पण गिऱ्हाईकही अजून तेवढं नाही. हे ज्ञान राजीनाम्यानंतर मिळालं असतं तर फार महाग पडलं असतं.

मग तिने दोनच नमुने ठेवले आणि भाव वाढवला. निवड कमी झाल्यावर निरोपांची देवाणघेवाण निम्म्यावर आली. त्याच 48 तासांत 17 पिशव्या होऊ लागल्या आणि पिशवीमागे 3 सुटू लागले. त्या हिशेबाने 120 साठी महिन्याला 40 पिशव्या खपायला हव्यात. त्या खपतील हे नोकरीत राहून कसं कळणार? तिने वहीत एक नवं पान उघडलं, नाकारलेल्या ऑर्डरींचं. वेळ नाही म्हणून ज्यांना परत पाठवलं त्यांची नोंद. विचारणारे सगळेच घेत नसतात, म्हणून त्यातल्या निम्म्याच धरायच्या. माझ्या मते तिच्या सगळ्या वहीत हे पान सर्वांत मोलाचं.

घेतलेल्या आणि निम्म्या नाकारलेल्या मिळून 40 चा आकडा सलग सहा महिने, मंदीचे महिने धरून, गाठला गेला तरच सोडायचं, असं तिने ठरवलं. सोबत घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे वेगळे. कापडासाठी लागणारं भांडवल त्यात मोजायचं नाही. उलटी अटही लिहिली: दीड वर्षात हे जमलं नाही तर ऑर्डरी 14 वर आणून ठेवायच्या आणि नोकरीच पक्की धरायची. ही अट आधी लिहावी लागते. धंद्यात जीव गुंतल्यावर कुणी लिहीत नाही.

एक गोष्ट जाता जाता. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल कलम असतं, ते पहिल्या ऑर्डरीआधी वाचा आणि लागत असेल तर लेखी परवानगी घ्या. कार्यालयाचा संगणक धंद्याला वापरू नका.

तिचा आकडा चौदाव्या महिन्यात जमला. नोटिशीचा काळ दोन महिन्यांचा होता. त्या दोन महिन्यांत जादा ऑर्डरी घ्यायचा मोह तिला झाला, पण तिने 17 च ठेवल्या आणि बाकीच्यांना राजीनाम्यानंतरची तारीख दिली. नऊ जणांनी ती मान्य केली. पहिल्या आठवड्याचं काम तेवढं हातात घेऊन ती कार्यालयातून बाहेर पडली.

नमस्कार.