अर्ज भरण्याचा दिवस, पाण्याचा हिशेब

[दृश्य: पंचायत कार्यालयासमोरचं मैदान, अर्ज भरून बाहेर येणारा उमेदवार]

कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. साधारण 400 लोकसंख्येमागे एक सदस्य निवडला जातो. पक्ष नाही, म्हणून पक्षाचा जाहीरनामाही नाही. अर्ज भरून बाहेर आलेला उमेदवार लोकांसमोर जे बोलतो, तोच त्याचा जाहीरनामा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या भाषणात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपल्या गल्लीला नवीन पाण्याची टाकी बांधून देतो.’

टाकीनं पाणी वाढत नाही. टाकी पाणी साठवते. म्हणून हे आश्वासन आधी मोजून पाहायला हवं.

[दृश्य: गावाबाहेरची बोअरवेल, मोटर चालू]

उदाहरणादाखल खानापूर तालुक्यातलं 900 वस्तीचं एक गाव घेऊ. पावसाळ्यात मुसळधार पाऊस, आणि एप्रिलमध्ये नळाखाली घागरींची रांग. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला 55 लिटर आहे. म्हणजे या गावाला रोज 49,500 लिटर पाणी हवं. गावात 50,000 लिटरची टाकी आधीच उभी आहे. टाकी पुरेशी आहे, ती भरत नाही, एवढंच.

का भरत नाही, हे पाहायला 200 लिटरचं पिंप आणि घड्याळ पुरतं. टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली पिंप धरायचं. पण मोटर चालू केल्याबरोबर मोजू नये. सुरुवातीला बोअरमध्ये साचलेलं पाणी येतं आणि धार फसवी जोरदार दिसते. तासभर मोटर चालू द्यावी, मग मोजावं. आणि मोजणी एप्रिल-मे महिन्यातली हवी. डिसेंबरातला आकडा उन्हाळ्यात उपयोगाचा नाही.

आपल्या उदाहरणात एप्रिलमध्ये पिंप भरायला 3 मिनिटं लागतात. म्हणजे तासाला 4,000 लिटर. थ्री-फेज वीज दिवसात 7 तास मिळाली, तर टाकीत 28,000 लिटर पडतात. माणशी जेमतेम 31 लिटर. तूट 21,500 लिटरची. दुसरी टाकी बांधली, तर तीही अर्धी रिकामीच राहील.

[दृश्य: बोअरवरचा मीटर, मग रस्त्याकडेचा ओला मातीचा पट्टा]

आता बोअरच्या तोंडाशी मीटर पाहू. तिथं मिनिटाला 80 लिटर जातात आणि टाकीशी 67 पोचतात. फरक वाटेतल्या गळतीचा. भर उन्हाळ्यात पाइपलाइनवरचा एखादाच पट्टा ओला, हिरवा दिसला, तर खोदायला तिथूनच सुरुवात करावी. ही गळती बंद झाली की 7 तासांत साधारण 5,600 लिटर वाचतात. उरलेल्या जवळपास 16,000 लिटरसाठी दुसरा स्रोत लागेल: नवी बोअर, किंवा गावातली जुनी विहीर गाळ काढून, पाणी तपासून वापरात आणणं.

तेव्हा भाषणातलं वाक्य असं व्हायला हवं: ‘पहिल्या वर्षी पाइपलाइनची गळती काढायला लावीन. दुसऱ्या वर्षी विहिरीचा गाळ काढून तिथं मोटर बसवायचं काम आराखड्यात घालीन. एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर पिंप लावून मोजायचं.’ ऐकायला टाकीइतकं भारी वाटत नाही. पण हे वाक्य पाच वर्षं तपासता येतं.

[दृश्य: ग्रामसभेची बैठक, फाईल, शिक्के]

‘आराखड्यात घालीन’ हे शब्द मुद्दाम आहेत. एकटा सदस्य कामाची ऑर्डर काढू शकत नाही. मागणी वॉर्डसभेत नोंदवावी लागते, तिथून ती ग्रामसभेत आणि पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात जाते. मग इंजिनिअरचं अंदाजपत्रक, मंजुरी आणि टेंडर. वॉर्डसभेच्या नोंदवहीत काम चढलं नाही, तर पुढं पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पीडीओंकडे, कितीही खेपा घातल्या तरी ते अडतं. पैशालाही वाटा ठरलेल्या असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात अनुदानाचा 60 टक्के भाग बांधील होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. पाण्याच्या पैशातून गल्लीचं काँक्रीट करून देतो म्हणणारा उमेदवार म्हणूनच अडचणीत येतो. चालू वर्षाची विभागणी पीडीओंकडे विचारूनच बोलावं.

आणि वीजबिल. नवी मोटर बसली की बिल दर महिन्याला येणार. ते पंचायतीनं भरायचं, आणि त्यासाठी घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली नीट हवी. थकबाकी वाढली की वीज तुटते, आणि चांगली मोटर विहिरीत नुसती पडून राहते. पाणीपट्टीबद्दल अर्ज भरायच्या दिवशी बोलायला धीर लागतो, पण वगळलं तर बाकीचं आश्वासन अर्धवट आहे.

[दृश्य: वस्तीतल्या शेवटच्या घराचा नळ]

टाकी भरली तरी चढावरच्या शेवटच्या घरात पाणी पोचेलच असं नाही. खालच्या घरांनी नळाला थेट मोटर लावली की वरचा दाब जातो. त्यावर गल्लीवार व्हॉल्व्ह आणि पाणी सोडायची ठरलेली वेळ हा उपाय आहे. उमेदवारानं वेळापत्रक सांगावं, आणि वॉटरमन ते पाळतो का, हे शेवटच्या नळावर उभं राहून पाहावं.

आराखडा आणि अंदाजपत्रक कन्नडमध्ये येतं. म्हणून आश्वासनांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत काढून घ्यावा. कामाचं नाव, ठिकाण आणि लिटरचा आकडा दोन्हीकडे सारखा असावा. मग वॉर्डसभेत तोच कागद तसाच नोंदवहीला लावता येतो.