वटाव: शीतगृहाचं पत्र मी दुसऱ्यांदा का लिहिलं

(सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर एका खजिनदारांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, तुमच्यातले बहुतेक जण खजिनदार आहेत, सचिव आहेत. ताळेबंद म्हणजे काय, घसारा म्हणजे काय, हे इथे सांगण्यात वेळ घालवत नाही. शीतगृहासाठी सभासदांकडून पैसे मागणारं पत्र कसं लिहावं, हा माझा विषय आहे. मी ते दोनदा लिहिलं. पहिलं पत्र चुकीचं होतं आणि ते माझ्या सहीनं गेलं होतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

पहिल्या पत्रातला हिशेब असा होता. जागा, इमारत, उष्णतारोधक पॅनेल, अमोनियाचे कॉम्प्रेसर, सगळं धरून खर्च १०० लाख. चारही खोल्या भरल्या की वर्षाचं भाडं ३० लाख. वीज, पगार, देखभाल १४ लाख. उरतात १६ लाख. शंभर भागिले सोळा, म्हणजे सव्वासहा वर्षांत पैसे वसूल आणि पुढची जवळजवळ नऊ वर्षं निव्वळ फायदा. पंधरा वर्षांचे एकूण २४० लाख. प्रकल्प अहवाल ज्यांनी करून दिला त्यांनी हेच आकडे दिले होते, मी ते सोप्या भाषेत उतरवले होते. पत्र मला आवडलंही होतं.

सर्वसाधारण सभेत एक वयस्क काकू उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या, पत्राची घडी हातात. त्या म्हणाल्या, "भाऊ, सव्वासहा वर्षांनी माझे शंभर मला परत मिळाले, तर तेवढी वर्षं ते मी संस्थेला फुकट वापरायला दिले असं झालं ना?" मी काहीतरी उत्तर दिलं, नंतर नफा सुरू होतो वगैरे. त्यांनी पत्र उलगडलं आणि बेरजेच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे पहिल्या वर्षीचे सोळा आणि पंधराव्या वर्षीचे सोळा तुम्ही एकाच ओळीत कसे मिळवलेत? मी आजची हुंडी आणि पंधरा वर्षांनंतरची हुंडी सारख्याच भावात घेईन का?"

सभागृह गप्प झालं. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. मी घरी आलो आणि झोप लागली नाही. हुंडी हा शब्द त्यांनी सहज वापरला होता, आणि मला जे सांगायचं होतं ते सगळं त्यात होतं. मुदतीची हुंडी आधी वटवायला गेलात तर पूर्ण रक्कम मिळत नाही, वटाव कापला जातो. मुदत जितकी लांब तितका वटाव मोठा. इंग्रजीत ज्याला डिस्काउंटेड कॅश फ्लो म्हणतात, तो प्रत्येक वर्षाच्या रकमेला हुंडी समजून आज वटवण्याचा हिशेब आहे. माझा आग्रह आहे, पत्रात 'वर्तमान मूल्य' लिहायच्या आधी 'वटाव' लिहा. तो शब्द सभासदांना आजोबांपासून माहीत आहे.

वटावाचा दर आम्ही १२ टक्के धरला. ६० लाख कर्ज ११ टक्क्यांनी मिळत होतं. उरलेले ४० लाख सभासदांचे. त्यांच्या पैशावर आम्ही साडेतेरा टक्के धरले, कारण शीतगृह बुडालं तर आधी बँक आपले पैसे काढून घेणार आणि सभासद शेवटी उरणार. दोन्हींची सरासरी बरोबर बारा. म्हणजे पुढच्या वर्षीचे ११२ आणि आजचे १०० सारखे.

आता तेच सोळा लाख बघा. पहिल्या वर्षीचे आज १४ लाख ३० हजार होतात. पाचव्या वर्षीचे ९ लाख. दहाव्या वर्षीचे ५ लाख १५ हजार. आणि काकूंनी बोट ठेवलेले ते पंधराव्या वर्षीचे सोळा, ते आजचे ३ लाखसुद्धा नाहीत, २ लाख ९२ हजार. पंधरा वर्षांच्या सगळ्या रकमा वटवून बेरीज आली १०९ लाख. २४० नव्हे, १०९. शंभर घालून वर ९ लाख. आणि पैसे वसूल कधी होतात? तेराव्या वर्षात. मी लिहिलं होतं सव्वासहा.

तरीही बेरीज धन होती, म्हणून मला वाटलं, चला, प्रकल्प टिकतो. मग मी एका चालू शीतगृहात दोन दिवस जाऊन बसलो, आणि माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. प्रकल्प अहवालांमध्ये पहिल्याच वर्षी गोदाम शिगोशीग भरलेलं असतं. प्रत्यक्षात बांधकाम दोन महिने लांबतं, हंगाम निम्मा निघून जातो आणि खोल्या अर्ध्या राहतात. भाडं त्याच प्रमाणात कमी होतं, खर्च मात्र होत नाही. हे मला तिथल्या यंत्रचालकानं दाखवलं. एक खोली निम्मी रिकामी होती. तो म्हणाला, "साहेब, भिंतीतून येणारी उष्णता माल मोजून येत नाही." पंखे तितकेच फिरतात, कॉम्प्रेसर जवळपास तितकाच चालतो, पगार तेवढेच. माल भरतानाचा ताण फक्त कमी होतो, कारण शेतातून आलेला गरम माल थंड करायला सुरुवातीचे काही दिवस सगळ्यात जास्त वीज लागते.

मग त्यानं मला दरवाजापाशी नेलं. खालच्या कोपऱ्यात रबरी पट्टी चेपली होती आणि तिच्या कडेनं दवाची ओली रेघ धरली होती, बोटभर रुंद. बाहेरची दमट हवा तिथून आत जात होती. तीच वाफ आतल्या थंड नळ्यांवर बर्फ होऊन बसते, नळ्या हवेला गारवा देईनाशा होतात आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. वाफ पॅनेलच्या सांध्यात शिरली तर आतलं उष्णतारोधक ओलं होतं आणि त्याचा उपयोग कमी होत जातो. ती पट्टी किरकोळ खर्चाची वस्तू आहे. ती बदलली नाही याची किंमत दर महिन्याच्या वीज बिलात भरली जाते. मी घरी येऊन पहिल्यांदा देखभालीचा आकडा वाढवला, आणि भाड्याचा अंदाज पुन्हा तपासून घेतला तेव्हा १६ लाखांचा मेळ कसाबसा राहिला. आठव्या वर्षी कॉम्प्रेसरची मोठी दुरुस्ती येते, १२ लाख. अहवालात ती नव्हतीच.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता उरकतो.)

दुरुस्त हिशेब असा. पहिल्या वर्षी ५५ टक्के भरणा. भाडं साडेसोळा, खर्च साडेबारा, हातात ४ लाख. दुसऱ्या वर्षी १० लाख. तिसऱ्यापासून १६. आठव्या वर्षी १२ लाखांची दुरुस्ती. शेवटी जागा आणि सांगाड्याचे २० लाख येतील असं धरलं, त्याचे आजचे साडेतीन लाखांच्या थोडे वर. सगळं वटवल्यावर बेरीज ९२ लाख ३० हजार. म्हणजे १०० लाख घालायचे आणि पावणेआठ लाख गमवायचे. पहिल्या पत्रानं ज्याला नऊ वर्षांचा नफा म्हटलं होतं, तो हा प्रकल्प.

लक्षात घ्या, सगळ्यात मोठं नुकसान कुठे झालं. कॉम्प्रेसरच्या १२ लाखांचे आजचे ४ लाख ८५ हजार, कारण ते आठ वर्षं लांब आहेत. पहिल्या हंगामात बुडालेल्या १२ लाखांचे आजचे १० लाख ७० हजार. लवकरचं नुकसान जवळजवळ पूर्ण वजनानं अंगावर येतं. म्हणून दुरुस्त्या काय करायच्या ते ठरलं. बांधकाम हंगामाच्या आधी पुरं व्हावं म्हणून आम्ही सुरुवातीची तारीख बदलली, आणि सभासदांकडून पहिल्या दोन हंगामांचं आगाऊ आरक्षण घ्यायचं ठरवलं. त्यानं पहिल्या वर्षी ४ ऐवजी १२, दुसऱ्या वर्षी १० ऐवजी १४ लाख येतात. फरक वटवला तर १० लाख ३० हजार. उणे पावणेआठचं अधिक अडीच लाखांच्या थोडं वर झालं.

आता तीन चुका, पटकन. पहिली, घसारा वजा करू नका. तो पैसा बाहेर जात नाही, १०० लाख सुरुवातीलाच गेलेत. दुसरी, कर्जाचे हप्ते आणि व्याजही वजा करू नका. व्याज बारा टक्क्यांत आलेलं आहे, तुम्ही ते दुसऱ्यांदा कापाल. तिसरी, संगणकावरची. सुरुवातीचे उणे शंभर B1 मध्ये आणि पुढची पंधरा वर्षं B2 ते B16 मध्ये असतील तर असं लिहा:

```
=NPV(12%,B2:B16)+B1
```

B1 कंसात घेतलंत तर तो कार्यक्रम आजच्या शंभरालाही एक वर्षाचा वटाव लावतो आणि सगळं उत्तर १.१२ नं भागल्याइतकं लहान येतं.

आणि एक गोष्ट घाईत सांगावी लागते आहे याचं मला वाईट वाटतं. सभासदाला भाव पडलेला असताना माल राखून ठेवता येतो, हा फायदा त्याच्या खिशात जातो, संस्थेच्या वहीत येत नाही. भाडं कमी केलंत तर संस्थेचं उत्तर खाली जातं आणि सभासदाचं वर. म्हणून पत्रात दोन रकाने ठेवा, एक संस्थेचा, एक सभासदाचा, आणि त्यांची बेरीज करण्याआधी दोन्ही वेगळे दाखवा. शिवाय विजेचा धोका उघड लिहा. आमच्या पत्रात मी लिहिलं की तिसऱ्या वर्षापासून विजेचा खर्च अंदाजापेक्षा दर वर्षी २ लाख जास्त आला आणि भाडं वाढवता आलं नाही, तर आजचे १० लाख जातात आणि प्रकल्प पुन्हा तोट्यात येतो.

दुसऱ्या पत्राची अखेर वाचून दाखवतो. "सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार. हा प्रकल्प आजच्या पैशात अडीच लाखांनी फायद्याचा आहे, आणि तोही पहिले दोन हंगाम भरले तरच. सोबतच्या अर्जावर आपण किती पोती ठेवणार ते लिहून द्यावं. अर्जांची बेरीज पहिल्या हंगामाच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचली नाही, तर मी स्वतः ठराव मागे घेईन."

काकूंनी अर्ज भरून सभेतच दिला. तीस पोती लिहिली होती, आणि मुदत: दोन हंगाम.