किरण मारलेला आंबा आणि मसाला: नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी! अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला रेडिएशन देतात असं कळलं की लगेच प्रश्न येतो, मग तो आंबा रेडिओॲक्टिव्ह होत नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "सरकारने मान्यता दिलीय, खा बिनधास्त" हे काही त्याचं उत्तर नाही, म्हणून आज जरा आत शिरून बघूया.

आधी मुळात किरण का मारायचे ते सांगतो. आंब्याच्या कोयीत एक भुंगा असतो. त्याची मादी लहान कैरीवर अंडं घालते, अळी गर पोखरत कोयीत जाते, जखम भरून येते आणि वरून आंबा एकदम निरोगी दिसतो. म्हणजे बाहेरून बघून कळत नाही, आणि गरम पाण्याची ऊब कोयीच्या आतपर्यंत पोचवायची म्हटलं तर गर आधी खराब होतो. हा भुंगा आपल्या देशात नको म्हणून अमेरिकेने भारतीय आंबा वर्षानुवर्षं अडवून धरला होता. तो २००७ साली सुटला, कारण लासलगावच्या 'कृषक' केंद्राला त्यांची मंजुरी मिळाली. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं, तेही मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून! आता वाशीलाही आंब्यासाठी सोय आहे.

तिथे काय करतात, तर कोबाल्ट-६० भरलेल्या स्टीलच्या सीलबंद नळ्या असतात. काम नसताना त्या खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात, कारण पाणी किरण अडवतं. जाड काँक्रीटच्या खोलीत आंब्याच्या पेट्या आल्या की नळ्या वर येतात, पेट्या त्यांच्या भोवतीने फिरतात आणि बाहेर पडतात. नळीतला कोबाल्ट आंब्याला कुठेही लागत नाही, फळापर्यंत पोचतात ते फक्त गॅमा किरण. रेडिओॲक्टिव्ह धूळ अंगाला लागणं वेगळं आणि किरण अंगातून जाणं वेगळं, एक्स-रे काढून घरी आलेला माणूस घरात रेडिएशन घेऊन येत नाही, तसंच.

पण किरणांनी आंब्यातलेच अणू रेडिओॲक्टिव्ह झाले तर? होऊ शकतं का, हो, पण त्यासाठी अणूच्या केंद्रातून न्यूट्रॉन उडवावा लागतो. खाण्यात जो कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन असतो त्याला त्यासाठी साधारण १० एमईव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जा लागते, एमईव्ही हे अशा एकेका किरणाची ऊर्जा मोजायचं माप. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा आहे १.१७ आणि १.३३ एमईव्ही. आणि हे असं नाही की जास्त वेळ मारलं की साठून साठून जमेल, प्रत्येक किरण एकेकटा धडकतो आणि एकट्याच्या अंगात तेवढा जोर नसेल तर कोटी मारा, न्यूट्रॉन हलत नाही. काही ठिकाणी कोबाल्टऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत मारणारं मशिन वापरतात, त्याला १० एमईव्हीची मर्यादा घातलीय ती ह्याच कारणासाठी.

मग किरण करतात काय? ते इलेक्ट्रॉन उडवतात, रासायनिक बंध तोडतात, पाण्याचे रेणू फोडतात, आणि ह्या सगळ्यात पेशीतला डीएनए तुटतो. अमेरिकेच्या आंब्याला डोस लागतो कमीत कमी ४०० ग्रे, म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल ऊर्जा. एवढ्याने आंबा गरम होतो जेमतेम ०.१ अंशाने! पण माणसाच्या सगळ्या शरीराला ५ ग्रे मिळाले तरी जीव जाण्याइतकं ते असतं, मग ४०० ग्रे खाऊन आंबा कसा टिकतो? कारण काढलेल्या फळातल्या पेशी आता विभागायच्या नसतात, डीएनए तुटला तरी त्यांचं फारसं अडत नाही. अळीला मात्र वाढायचंय, भुंग्याला अंडी घालायचीयत, त्यांचं तिथेच थांबतं.

इथे एक गंमतीशीर अडचण आहे. भुंगा लगेच मरेलच असं नाही, तो जिवंत सापडू शकतो, फक्त त्याची पिल्लं होत नाहीत. म्हणजे फळ कापून डोस मिळालाय की नाही ते ठरवता येत नाही, पुरावा म्हणजे पेट्यांबरोबर फिरवलेले डोसमापक आणि त्यांचे कागद. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत किरण दिलेल्या आंब्याचे जवळजवळ १५ लॉट अमेरिकेच्या विमानतळांवर अडकले, कारण दिलं ते किरण दिल्याची नोंद असलेल्या पीपीक्यू २०३ ह्या फॉर्ममधल्या चुकीचं, आणि तो माल तिथेच नष्ट करावा लागला. वाईट वाटतं खरंच, एवढ्या लांब गेलेला आंबा.

बरं, मग डोस वाढवून टाका ना, कटकट मिटली? नाही. पेटीत कडेच्या फळाला जास्त आणि मधल्याला कमी मिळतो, मधल्याला ४०० मिळायलाच हवेत आणि कडेच्याने १००० ओलांडायचे नाहीत, ह्या पट्ट्यात राहावं लागतं. डोस चढला की सालीवर तपकिरी ठिपके येतात, गर मऊ पडतो, क जीवनसत्त्वही थोडं जातं. शिवाय ४०० ग्रेमध्ये बुरशी मरत नाही, म्हणून आंबे किरणांच्या आधी काही मिनिटं गरम पाण्यात बुडवून काढतात. आणि हापूसचा साका? तो फळाच्या आतला बिघाड आहे, कीड नाही, त्याला किरणांचा काही उपयोग नाही.

आता मसाले. मिरी, हळद, मिरची अंगणात नाहीतर खळ्यावर वाळते, मातीतले जिवाणू चिकटतात आणि त्यांचे बीजाणू फार चिवट असतात. वाफ दिली तर वास उडतो, इथिलीन ऑक्साइडचा धूर दिला तर त्याचा अंश मागे राहतो, २०२४ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगने काही भारतीय मसाले रोखले ते ह्यावरूनच. म्हणून गॅमा किरण, पण इथे डोस आंब्याच्या पंधरापट ते पस्तीसपट, भारतात ६ ते १४ किलोग्रे. मसाला कोरडा, त्यात पाणी कमी, म्हणून किरणांचा मारा कमी लागू पडतो आणि डोस चढवावा लागतो. समजा एक ग्रॅम मिरीत १० लाख बीजाणू आहेत आणि दर २ किलोग्रेला ते दहाव्या हिश्श्यावर येतात, तर १० किलोग्रेनंतर उरले १०. शून्य नाही! पॅकेट फोडून ओला चमचा घातला की पुन्हा बुरशी येऊ शकते, किरणांचा असर मागे राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची मर्यादा, किरण जिवंत गोष्टींवर चालतात, आधीच तयार झालेल्या विषावर नाही. मिरची नीट वाळली नाही, बुरशीने अफ्लाटॉक्सिन सोडलं, मग किरण मारले तर बुरशी मरेल आणि विष बहुतेक सगळं तसंच राहील. फवारणीचं औषधही राहतं. म्हणून पाकिटावर फुलासारखं हिरवं चिन्ह दिसलं, तर जंतू मारलेत एवढंच समजायचं, मिरची चांगली वाळवली होती का ते त्यावरून कळत नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते आणि ती किरण मारायच्या आधीच व्हायला हवी.