फोटोतली आकृती आणि जोडघनाचं गणित

(नाशिकमध्ये दहावीचे विद्यार्थी आणि गणिताचे शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज आपण एकच आकृती घेणार आहोत. वर शंकू, मध्ये वृत्तचिती, खाली अर्धगोल. तिघांच्या तळाची त्रिज्या सारखी आणि अक्ष एकच. महत्त्वमापनाच्या प्रकरणात अशा आकृत्या पुष्कळ येतात. तुमच्याकडे मात्र ती पुस्तकातून थेट येत नाही. कोणीतरी पान मोबाइलवर टिपतं, फोटो ग्रुपवर पडतो, आणि तुम्ही तो बोटांनी मोठा करून गणित सोडवायला बसता. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, तरी उत्तरं चुकतात. बहुतेक वेळा चूक सूत्र लिहिण्याच्या आधीच झालेली असते, माप वाचताना.

आपल्या आकृतीवर तीनच आकडे आहेत. डावीकडे उभ्या रेषेला ५१, मध्ये आडव्या रेषेला १४, आणि शंकूच्या उजव्या कडेजवळ २५. मापं सेंटीमीटरमध्ये. घनफळ काढा आणि एकूण पृष्ठफळ काढा. π म्हणजे २२/७ धरा.

पहिलं काम पेन्सिलीचं. फोटो बाजूला ठेवून वहीत आकृती स्वतः काढा आणि प्रत्येक आकडा उतरवताना विचारा, ही रेषा कुठून निघते आणि कुठे संपते? आकडा कुठे छापला आहे हे महत्त्वाचं नाही, रेषेची दोन्ही टोकं महत्त्वाची. ५१ हा आकडा वृत्तचितीच्या शेजारी दिसतो म्हणून पुष्कळ जण वृत्तचितीची उंची ५१ लिहून मोकळे होतात. छापणारा आकडा रेषेच्या मध्यावर ठेवतो, आणि अशा लांब आकृतीत मध्य वृत्तचितीजवळच येतो. बाण मात्र वर शंकूच्या टोकाच्या पातळीपासून खाली अर्धगोलाच्या तळापर्यंत जातो. म्हणजे ५१ ही संपूर्ण घनाची उंची. फोटो काढताना वरची कड कापली गेली, तर नेमकं बाणाचं टोक जातं. असा फोटो आला तर पुन्हा मागवा, अंदाज करू नका.

१४ चंही तसंच. रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली असेल तर तो व्यास, केंद्रातल्या ठिपक्यापासून निघाली असेल तर त्रिज्या. फोटोत तो ठिपका सावलीत जातो किंवा कागदावरचा डाग त्याची जागा घेतो. वर्तुळ तिरकं दिसत असल्यामुळे चित्रात ते लंबवर्तुळ होतं. त्याची लांब बाजू खरा व्यास दाखवते, आखूड बाजू कुठलंच माप दाखवत नाही. इथे रेषा कडेपासून कडेपर्यंत आहे, म्हणून व्यास १४, त्रिज्या ७.

आता खरी गोम असलेला आकडा, २५. तो शंकूच्या कडेलगत तिरका लिहिला आहे की आतल्या तुटक उभ्या रेषेला? कडेलगत असेल तर तिरकस उंची, आतल्या रेषेला असेल तर लंब उंची. कमी उजेडात काढलेल्या फोटोत तुटक रेषा पुसट होते, आणि तिच्या शेजारचा आकडा कडेचाच वाटू लागतो. आपल्या आकृतीत रेषा कडेला समांतर आहे, म्हणून l = २५. मग h² = २५² − ७² = ६२५ − ४९ = ५७६, म्हणजे लंब उंची २४.

उरली वृत्तचिती. तिची उंची कुठेच लिहिलेली नाही आणि अर्धगोलाचीही नाही. अर्धगोलाची उंची म्हणजे त्याची त्रिज्याच, ७. म्हणून ५१ − २४ − ७ = २०. इथे २४ वजा करायचे, २५ नाही. उभ्या अंतरातून उभंच अंतर वजा होतं.

घनफळ काढताना πr² = १५४ एकदाच काढून ठेवा. शंकू: १५४ × २४ ÷ ३ = १२३२. वृत्तचिती: १५४ × २० = ३०८०. अर्धगोल: ⅔ × १५४ × ७ = ७१८.६७. बेरीज ५०३०.६७ घसेमी, म्हणजे पाच लिटरांहून थोडं जास्त.

आता हेच गणित २५ ला लंब उंची समजून करून बघा. वृत्तचिती १९ ची होते. शंकू १२८३.३३, वृत्तचिती २९२६, अर्धगोल ७१८.६७. बेरीज बरोबर ४९२८. चुकीच्या वाचनाचं उत्तर पूर्णांक आलं आणि बरोबर वाचनाचं आलं नाही! ‘उत्तर सुटसुटीत आलं, म्हणजे बरोबर’ ही सवय किती दगा देते ते इथे दिसतं. सुटसुटीतपणाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती वर्गमूळ येतं त्या जागी घ्या. २५ लंब उंची मानली तर तिरकस उंची √६७४ येते, ती पूर्णांक नाही. २५ तिरकस मानली तर ७, २४, २५ हे पायथागोरसचं त्रिकूट मिळतं. १४ ला त्रिज्या मानून पाहा, लंब उंची √४२९ येते. तीनपैकी एकच वाचन नीट बसतं. ही खूण पुस्तकी गणितापुरतीच आहे, कारण तिथे आकडे कोणीतरी निवडलेले असतात. प्रत्यक्ष वस्तूच्या मापांना ती लागू नाही.

फोटोवर पट्टी ठेवून ठरवता येईल का, असं विद्यार्थी विचारतात. थोडंसं येतं. पूर्ण उंची ५१ आणि रुंदी १४ असेल तर चित्रात उंची रुंदीच्या साधारण साडेतीन पट दिसायला हवी. ५१ ही नुसत्या वृत्तचितीची उंची असती तर पूर्ण उंची २४ + ५१ + ७ = ८२ झाली असती, म्हणजे जवळजवळ सहा पट. साडेतीन आणि सहा यांतला फरक तिरक्या फोटोतही लपत नाही. पण २४ की २५, हे पट्टी कधीच सांगणार नाही. फोन जरा कलला की पानाचा लांबचा भाग लहान दिसतो, आणि ती चूक या फरकापेक्षा सहज मोठी असते. शिवाय पुष्कळ आकृत्या प्रमाणात काढलेल्याच नसतात. म्हणून पट्टी फक्त ढोबळ चूक पकडायला वापरा, माप घ्यायला नाही.

पृष्ठफळाकडे येऊ. इथे तीन सूत्रं पाठ असणं हाच अडथळा होतो, कारण विद्यार्थी तिन्ही घनांची एकूण पृष्ठफळं काढून बेरीज करतात. शंकूचं ७०४, वृत्तचितीचं ११८८, अर्धगोलाचं ४६२, बेरीज २३५४. बरोबर उत्तर १७३८ आहे. फरक ६१६, म्हणजे १५४ ची चार वर्तुळं. दोन सांधे, प्रत्येक सांध्यावर दोन तोंडं. ती चारही आत बंद झाली आहेत. रंग द्यायला घेतला तर ब्रश जिथे पोचतो तेवढंच पृष्ठ मोजायचं. ब्रश पोचतो तो फक्त वक्रपृष्ठांवर: शंकू πrl = २२ × २५ = ५५०, वृत्तचिती २πrh = ४४ × २० = ८८०, अर्धगोल २πr² = ३०८.

हे ताडून पाहायचा एक छान मार्ग आहे. २πr² म्हणजे २πr × r, म्हणजे अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ हे तेवढ्याच त्रिज्येच्या आणि r उंचीच्या वृत्तचितीइतकं असतं. गोल आणि त्याला घट्ट बसणारी वृत्तचिती यांतलं हे नातं आर्किमिडीजने सिद्ध केलं. त्यामुळे वृत्तचिती आणि अर्धगोल वेगळे करायची गरजच नाही. ५१ मधून शंकूचे २४ गेले, राहिले २७. ४४ × २७ = ११८८, त्यात ५५० मिळवा, १७३८. दोन वाटांनी एकच उत्तर आलं.

२४ आणि २५ चा गोंधळ कागदावर क्षुल्लक वाटतो, म्हणून तो सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेऊन पाहू. शंकूचं झाकण सपाट पत्र्यातून कापतात. पत्र्यावर आखायची ती वर्तुळपाकळी. तिची त्रिज्या तिरकस उंचीइतकी, २५, आणि कंस झाकणाच्या परिघाइतका, ४४. कोन ७/२५ × ३६० = १००.८ अंश. जोडाला लागणारा पत्रा वेगळा धरायचा. पाकळीचं क्षेत्रफळ ½ × २५ × ४४ = ५५०, तेच πrl. आता कोणी २४ त्रिज्येची पाकळी आखली आणि कंस ४४ च ठेवला, तर झाकण वृत्तचितीवर चपखल बसेल आणि तिथे चूक दिसणारच नाही. उंची मात्र √५२७, म्हणजे सुमारे २२.९६ येईल. पूर्ण वस्तू ५१ ऐवजी ५० पेक्षाही किंचित कमी भरेल.

शेवटी याच आकृतीचं एक भावंड. अर्धगोल खाली चिकटवलेला नसून वृत्तचितीच्या तळातून कोरून काढला असेल तर? अशा गणिताच्या छापील आकृतीत आतला कंस तुटक असतो आणि तळाची कड सरळ दिसते. फोटोत तुटक रेषा सलग वाटली की गल्लत होते, म्हणून अर्धगोलाचा फुगवटा तळाच्या कडेच्या वर आहे की खाली, हे पाहा. वर असेल तर खळगा. मग ५१ चा बाण तळाच्या कडेपाशी संपतो आणि वृत्तचितीची उंची २७ होते. घनफळात अर्धगोल वजा होतो: १२३२ + ४१५८ − ७१८.६७ = ४६७१.३३ घसेमी. पृष्ठफळात तो वजा होत नाही, मिळवायचाच असतो, कारण खळग्याच्या आतही ब्रश फिरतो: ५५० + ११८८ + ३०८ = २०४६ चौसेमी.