निळ्यापासून गुलाबीपर्यंत : तांबड्या पेशीचा एक आठवडा

(सोलापुरात एका सार्वजनिक व्याख्यानमालेत रक्तविकृतिशास्त्राच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं आयुष्य रंगाच्या कढईशेजारी गेलंय, म्हणून सुरुवात रंगापासूनच करते. आमच्या लॅबमध्ये काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून त्यावर लिशमन नावाचा रंग ओततात. त्यात खरं तर दोन रंग असतात. एक निळा, मिथिलीन ब्लूच्या घराण्यातला. तो बेसिक आहे, म्हणून आम्लधर्मी वस्तूला चिकटतो. दुसरा इओसिन. तो गुलाबी आणि अ‍ॅसिड जातीचा. सुती चादरीला हे दोन्ही धड धरत नाहीत, हे तुम्ही मला सांगाल. पण पेशीतला आरएनए आम्लधर्मी असतो, तो निळा रंग धरतो आणि हिमोग्लोबिन गुलाबी रंग धरतं. आजच्या गोष्टीतले सगळे रंग एवढ्यावरच आहेत. निळं दिसलं की समजायचं, कारखान्यात यंत्रं बसवलीत. गुलाबी दिसलं की माल तयार झालाय.

हा कारखाना हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत असतो. तिथे तांबड्या पेशीची पहिली ओळखता येणारी पूर्वज असते तिला प्रोइरिथ्रोब्लास्ट म्हणतात. मोठी पेशी, साधारण 14 ते 20 मायक्रॉन. तयार तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे ही तिच्या जवळजवळ दुप्पट रुंद. पेशीत बहुतेक जागा केंद्रकानंच व्यापलेली असते. केंद्रकातलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनएचं सूत, इतकं बारीक आणि मोकळं पसरलेलं असतं की ते पिंजलेल्या कापसासारखं वाटतं. त्यात एक-दोन ठिपके दिसतात, त्यांना केंद्रिका म्हणतात. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी आरएनएची यंत्रं, तिथे जुळवली जातात. भोवतीचं पेशीद्रव निळं. हिमोग्लोबिन जवळजवळ नाहीच.

पुढची पायरी बेसोफिलिक नॉर्मोब्लास्ट. पेशी थोडी लहान झालेली, पण निळा रंग सर्वांत गडद याच पायरीवर. रायबोसोम खच्चून भरलेत. हिमोग्लोबिनची सुरुवात झालेली असते, पण एवढ्या निळ्यात ते डोळ्याला दिसत नाही. केंद्रिका दिसेनाशा होतात आणि क्रोमॅटिनच्या गुठळ्या धरू लागतात. विद्यार्थ्यांना मी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या आठवायला सांगते. आता त्यांच्यातल्या निम्म्यांनी बैलगाडी पाहिलेली नसते, तो भाग वेगळा.

मग येते पॉलिक्रोमॅटिक नॉर्मोब्लास्ट, आणि या पेशीवर माझा जीव आहे. इथे निळ्यात गुलाबी मिसळतं आणि एक मळकट, राखाडी-जांभळी छटा येते. रंगारी असं कापड गिऱ्हाइकाला दाखवणार नाही. पण आमच्यासाठी या मळकट रंगात मोठी बातमी आहे : हिमोग्लोबिन आता डोळ्याला दिसण्याइतकं जमलं. पेशीचं शेवटचं विभाजनही याच पायरीवर होतं. एका प्रोइरिथ्रोब्लास्टपासून साधारण सोळा तांबड्या पेशी होतात, म्हणजे चार वेळा दुपटीचा हिशेब. तो इथे संपतो.

चौथी ऑर्थोक्रोमॅटिक. पेशीद्रव जवळजवळ तयार पेशीइतकं गुलाबी आणि केंद्रक काळ्या मोहरीच्या दाण्यासारखं घट्ट. त्यातलं काम बंद पडलेलं. हे केंद्रक विरघळत नाही, पेशी ते बाहेर ढकलते. शेजारीच मॅक्रोफेज नावाची मोठी पेशी बसलेली असते. वाढणाऱ्या पेशी तिच्याभोवती घोळक्यानं असतात आणि टाकलेलं केंद्रक ती गिळून टाकते. हे सस्तन प्राण्यांत घडतं. कोंबडीच्या रक्ताची काचपट्टी पाहिलीत तर तिच्या तांबड्या पेशीत केंद्रक जागेवर असतं आणि त्यानं तिचं काही बिघडत नाही.

केंद्रक गेल्यावर उरते ती रेटिक्युलोसाइट. आता गंमत पाहा. हुकूम देणारं केंद्रक गेलं, तरी हिमोग्लोबिन बनणं थांबत नाही. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन ग्लोबिन, त्याचे आरएनए-संदेश टिकाऊ असतात, रायबोसोम शिल्लक असतात, आणि हिमोग्लोबिनचा लोहवाला भाग, हीम, तो मायटोकॉन्ड्रिया बनवत असतात. एकूण हिमोग्लोबिनचा साधारण एक तृतीयांश भाग या बिनकेंद्रकाच्या अवस्थेत तयार होतो. एक-दोन दिवस मगजात, मग एखादा दिवस रक्तात, आणि उरलेला आरएनए संपला की पेशी तयार. प्रोइरिथ्रोब्लास्टपासून इथवर साधारण आठवडा लागतो.

रेटिक्युलोसाइट मोजायची तर लिशमन पुरत नाही. त्यात ती फक्त किंचित निळसर दिसते. त्यासाठी पेशी जिवंत असतानाच न्यू मिथिलीन ब्लूमध्ये मिसळतात. मग उरलेल्या आरएनएची जाळी साकळते आणि मोजता येते. निरोगी मोठ्या माणसात शंभर तांबड्या पेशींत एक-दोन रेटिक्युलोसाइट सापडतात.

आता मुद्द्यावर येते. या आठवड्यात दोन घड्याळं चालतात. एक केंद्रकाचं : डीएनए दुप्पट करा, विभाजन करा, घट्ट व्हा, बाहेर पडा. दुसरं पेशीद्रवाचं : हिमोग्लोबिन भरा. निरोगी मगजात दोन्ही बरोबर चालतात, म्हणून केंद्रक पाहून पेशीद्रवाचा रंग सांगता येतो. आणि बिघाडही बहुधा एकाच घड्याळात सुरू होतो.

लोह कमी पडलं तर दुसरं घड्याळ मागे राहतं. केंद्रक वेळेवर घट्ट होतं, पण पेशीद्रव गुलाबी होत नाही. एक जुना आणि समजावायला अजून उपयोगी सिद्धांत असा की, पेशीत हिमोग्लोबिन ठरावीक प्रमाणात जमलं की विभाजन थांबतं. ते जमतच नसेल तर पेशी जास्तीचं एक विभाजन करून बसते आणि शेवटी लहान, फिकी पेशी निघते. बी12 किंवा फोलेट कमी पडलं तर उलटं. डीएनएसाठी लागणारं थायमिडीन नीट बनत नाही, म्हणून केंद्रक रखडतं. आरएनए आणि प्रथिनांना अडचण नसते, म्हणून हिमोग्लोबिन भरत राहतं. मग मगजात एक विचित्र पेशी दिसते : पेशीद्रव ऑर्थोक्रोमॅटिकइतकं गुलाबी आणि केंद्रक मात्र मोठं, चाळणीसारखं मोकळं. हीच मेगालोब्लास्ट.

एक रुग्ण सांगते, ओळख लागणार नाही असे तपशील बदलून. वय सेहेचाळीस, यंत्रमागावर काम, घरी पूर्ण शाकाहार. तक्रार दोन : जिना चढताना दम लागतो आणि तळपायाला मुंग्या येतात. डोळे किंचित पिवळसर. हिमोग्लोबिन 7.2, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 22 टक्के, आणि पेशीचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, 118. ते शंभरच्या आत हवं.

इथे मी विद्यार्थ्यांना एक भागाकार करायला लावते. हिमॅटोक्रिटला एमसीव्हीनं भागलं की दर मायक्रोलिटरला 18.6 लाख पेशी येतात. दर डेसिलिटरमधलं 7.2 ग्रॅम हिमोग्लोबिन त्या हिशेबानं पेशींत वाटलं तर प्रत्येक पेशीत साधारण 39 पिकोग्रॅम येतं. नेहमीचं 27 ते 32. म्हणजे माणूस रक्तानं कमी, पण एकेक पेशी ठासून भरलेली! हिमोग्लोबिनचं घड्याळ मागे असतं तर हे घडलं नसतं. पेशी भरतेय, पण तिची संख्या वाढत नाही.

रेटिक्युलोसाइट निघाल्या एक टक्का. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून आलं होतं, आणि फसगत इथेच होते. टक्का कसला? मुळात पेशीच कमी, म्हणून त्यांचं हिमॅटोक्रिट 22 भागिले नेहमीचं 45 करायचं, उरतो अर्धा. शिवाय रक्त इतकं कमी असलं की मगज रेटिक्युलोसाइट लवकर सोडतो. त्या रक्तात एकाऐवजी साधारण दोन दिवस राहतात आणि दोनदा मोजल्या जातात, म्हणून पुन्हा दोननं भागायचं. उरतं पाव टक्का. रक्त इतकं कमी असताना हा आकडा तीनच्या वर जायला हवा होता. मगज खच्चून भरलेला असूनही रक्तात काही पोचत नव्हतं, कारण केंद्रकाच्या घड्याळात अडकलेल्या बहुतेक पेशी मगजातच मरत होत्या. डोळ्यांचा पिवळेपणा त्यांच्या फुटलेल्या हिमोग्लोबिनचा होता, कावीळ समजून यकृताच्या मागे लागायचं कारण नव्हतं. काचपट्टीवर मोठ्या लंबगोल तांबड्या पेशी होत्या आणि पाच-सहा खंडांच्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी होत्या. बी12 तपासलं, फार कमी आलं. मी ते शाकाहारी ताटावर ढकललं.

बी12ची इंजेक्शनं सुरू झाली. मगजातलं मेगालोब्लास्टचं चित्र एक-दोन दिवसांतच बदलू लागतं, पण हिमोग्लोबिन इतक्या लवकर वाढत नाही. म्हणून नातेवाईक चौथ्या दिवशी विचारायला येतात, ‘डॉक्टर, काही फरक नाही का?’ त्या वेळी मी रेटिक्युलोसाइट मोजते. यांच्या सातव्या दिवशी अठरा टक्के होत्या, हिमॅटोक्रिट 25. तोच हिशेब : अठरा गुणिले पंचवीस भागिले पंचेचाळीस, दहा. दोननं भागा, पाच. पावावरून पाचावर. हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम आठ होतं.

सभेतून एका रंगारी काकांनी विचारलं, ‘मग बाई, आधी फक्त लोहाची गोळी दिली असती तर?’ काका, या माणसाला आधी एक महिना लोहाचीच गोळी दिली होती, हे मी सांगायचं टाळत होते. काही झालं नाही, कारण बंद पडलेलं घड्याळ ते नव्हतं. फोलिक अ‍ॅसिडची गोळी एकटी दिली असती तर आणखी वाईट : रक्त थोडं सुधारलं असतं आणि पायातल्या मुंग्या मात्र वाढत गेल्या असत्या, कारण नसांना बी12च लागतं.

तीन महिन्यांनी ते परत आले. मुंग्या बऱ्याच कमी झालेल्या, पण हिमोग्लोबिन 10.9वर अडकलेलं आणि एमसीव्ही 79. म्हणजे पेशी आता लहान! काचपट्टीवर पाहिलं तर काही मोठ्या पेशी अजून होत्या, जुन्या काळच्या, आणि त्यांच्यात लहान, फिक्या पेशींची गर्दी. आठवडाभरात एकदम सोळा-सोळा पेशी भरायला लोह लागलं आणि साठा संपला. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासलं, तेही कमी. पुरुषाला लोह कमी का, म्हणून जठराची दुर्बिणीची तपासणी केली. आतलं अस्तर झिजलेलं निघालं. त्या अस्तरातूनच आम्ल सुटतं, ते लोह शोषायला मदत करतं. आणि बी12 धरून आतड्यापर्यंत नेणारं प्रथिनही तिथलंच. दोन्ही घड्याळांची किल्ली एकाच जागी होती, आणि मी तीन महिने त्यांच्या ताटाला दोष देत होते.